पगार आजचा, हिशेब वीस वर्षांचा

नव्या नोकरीच्या ऑफर लेटरसोबत सीटीसीचा तक्ता येतो. मूळ पगार, घरभाडे भत्ता, पीएफमधला कंपनीचा वाटा असं करत करत तक्त्याच्या तळाशी एक ओळ सापडते: ग्रॅच्युइटी, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, पीएफसारखं हेही दरमहा आपल्या नावावर कुठेतरी साठत असणार. पण पीएफचं खातं असतं, त्यात भर पडलेली दिसते. ग्रॅच्युइटीचं असं स्वतःच्या नावाचं खातं बहुतेक कुणालाच नसतं. तो मालकाचा शब्द आहे, कायद्याने बांधून घेतलेला, आणि त्या शब्दाची रक्कम नोकरी सुटण्याच्या दिवशीच ठरते.

ही सक्ती १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने आणली. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेले कारखाने, दुकानं आणि आस्थापनं त्याखाली आली. पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी सुटका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण रक्कम काढायची मूळ रीत तीच राहिली: प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार आणि तोही शेवटच्या दराने.

उदाहरणासाठी भोसरीच्या एमआयडीसीतला एक टर्नर घेऊ. समजा तो १ जून २००५ ला लागला, तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५,२०० रुपये होते. ३१ जानेवारी २०२६ ला तो निवृत्त झाला, तेव्हा हेच दोन आकडे मिळून २६,००० झाले होते. हातात येणारा एकूण पगार ४०,००० होता, पण घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस या हिशेबात धरत नाहीत. नोकरी वीस वर्षं आठ महिने. वरचे महिने सहापेक्षा जास्त असल्याने ते पूर्ण वर्ष धरायचं, म्हणजे एकवीस. हाच माणूस बरोबर सहा महिन्यांवर थांबला असता, तर वीसच वर्षं धरली गेली असती. काही दिवसांच्या फरकाने एका वर्षाची रक्कम इकडची तिकडे होते, त्यामुळे राजीनाम्याची तारीख टाकताना कॅलेंडर जरूर बघावं.

आता पंधरा दिवसांचा पगार म्हणजे किती? साधा माणूस महिन्याचा पगार अर्धा करून मोकळा होईल. टर्नरच्या बाबतीत ते १३,००० होतात. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्सनेही महिन्याला तीस दिवस धरूनच भागाकार केला होता. कर्मचाऱ्याचं म्हणणं असं की, रविवार सोडले तर महिन्यात कामाचे दिवस सव्वीस, मग एका दिवसाचा पगार सव्वीसने भागूनच निघायला हवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० मध्ये निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने सव्वीसचा भागाकार कायद्यातच लिहिला गेला. म्हणून आपल्या टर्नरचा रोज १,००० रुपये, पंधरा दिवसांचे १५,००० आणि एकवीस वर्षांचे ३,१५,००० रुपये. तीसने भागलं असतं तर २,७३,००० मिळाले असते. बेचाळीस हजारांचा हा फरक आजही काही छोट्या ऑफिसांच्या ‘फायनल हिशेबा’त गुपचूप खाल्ला जातो. पकडायची खूण सोपी आहे: एका वर्षासाठी धरलेली रक्कम मासिक मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या बरोबर निम्मी दिसली, की समजावं भागाकार चुकलाय.

ऑफर लेटरमधले ४.८१ टक्केही याच भागाकारातून आलेत. पंधरा भागिले सव्वीस, आणि ते बारा महिन्यांवर पसरलं की ४.८१ टक्के होतात. चालू वर्षासाठी हा आकडा अचूक आहे. मालकाची फसगत होते ती इथेच.

कारण समजा या टर्नरचा मालक हिशेबी आहे आणि दर वर्षी त्या वर्षीच्या पगारावर पंधरा दिवसांची रक्कम बाजूला काढतोय. पहिल्या वर्षी ३,००० निघाले. पगार दरसाल १,०४० रुपयांनी वाढत गेला, तसे बाजूला काढलेले पैसेही वाढले. एकवीस वर्षांची बेरीज १,८९,००० होते. देणं मात्र ३,१५,००० आहे. सव्वा लाखाहून मोठं भगदाड, आणि त्याने एकही हप्ता चुकवलेला नाही! पैसे व्याजाने ठेवले असतील तर ते बरंचसं बुजतं. चालू खात्यात धंद्यासाठी फिरवले असतील तर तसंच राहतं. कायदा २००५ सालच्या कामाचे पैसे २००५ च्या दराने देऊ देत नाही, २०२६ च्या दराने मागतो. प्रत्येक पगारवाढ फक्त पुढच्या महिन्यांना लागू होत नाही, ती मागे जाऊन सगळ्या जुन्या वर्षांची किंमतही वाढवते.

शेवटची वाढच पाहा. महिन्याला १,०४० म्हणजे वर्षाला पगाराचा खर्च १२,४८० रुपये. त्याच वाढीने ग्रॅच्युइटीत प्रत्येक वर्षामागे ६०० रुपये वाढले, एकवीस वर्षांचे १२,६००. वाढीचं पत्र देताना मालकाच्या मनात पहिला आकडा असतो. दुसरा, तेवढाच मोठा, कुठे लिहिलेला नसतो.

म्हणूनच हिशेबशास्त्र ग्रॅच्युइटीला माणूस निवृत्त होईल तेव्हाचा खर्च न मानता आजचं देणं मानतं. टर्नरने काम आज केलं, मालकाने त्या कामाचा माल विकून नफाही आज घेतला. मग त्या कामाचा जो भाग नंतर द्यायचाय, तोही आजच्याच ताळेबंदात दिसला पाहिजे. मोठ्या कंपन्या यासाठी ॲक्चुअरीकडून दर वर्षी मूल्यांकन करून घेतात. कामगारांची वयं, आजचे पगार, नोकरीची वर्षं यांची यादी त्याच्याकडे जाते. पुढे पगार किती टक्क्यांनी वाढतील, किती जण पाच वर्षांच्या आत सोडून जातील, याचे अंदाज बांधून तो भविष्यातली रक्कम काढतो आणि सरकारी रोख्यांच्या व्याजदराने तिची आजची किंमत ठरवतो. व्याजदर घसरले की कारखान्यात काहीही न घडता देणं फुगतं. दर वर्षी दोनच टक्के पगारवाढ धरून आकडा लहान दाखवायची युक्तीही जुनी आहे. प्रत्यक्षात वाढ आठ-दहा टक्के दिली जात असेल, तर अहवालातला तो अंदाज वाचूनच जाणकाराच्या भुवया वर जातात.

छोटे कारखानदार बहुधा यातलं काही करत नाहीत. ‘माणूस निघेल तेव्हा देऊ’ हा त्यांचा खाक्या. एकाच काळात भरती झालेले चार जुने कारागीर एकाच वर्षी निवृत्त होतात, तेव्हा त्या वर्षाचा नफा त्यातच जातो. कारखाना विकायला काढला की घेणाऱ्याचा सीए सगळ्यात आधी हजेरीपटावरच्या जुन्या तारखा बघतो आणि न दाखवलेलं देणं किमतीतून वजा करतो. नुसती वहीत तरतूद केली तर आयकरात तिची वजावट मिळत नाही, हीही अनेकांची तक्रार. ती मिळते मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडात खरोखर पैसे भरले तर. एलआयसीसारख्या विमा कंपन्यांच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजना त्यासाठीच आहेत. मात्र हप्ता भरला की जबाबदारी एलआयसीची झाली, हा गैरसमज आहे. फंडात कमी पडलं तर उरलेलं मालकालाच घालावं लागतं.

नव्या संहितेने हे देणं काही ठिकाणी एका रात्रीत वाढवलं. आयटी आणि सेवा क्षेत्रात मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून बाकी भत्त्यांत द्यायची पद्धत पडली होती. आता वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच मोजला जातो. समजा कुणाला एकूण ६०,००० मिळतात आणि त्यात मूळ पगार २०,००० आहे. भत्ते ४०,०००, मर्यादा ३०,०००. वरचे १०,००० पगारात आले आणि ग्रॅच्युइटी ३०,००० वर मोजली जाऊ लागली. दहा वर्षांच्या नोकरीला पूर्वी सुमारे १,१५,००० बसत होते, ते १,७३,००० झाले. डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएसने नव्या संहितांपायी दोन हजार कोटींहून अधिक रुपयांचा एकवेळचा खर्च दाखवला, त्यातला मोठा वाटा ग्रॅच्युइटीचा होता. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांनाही आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर ते हक्कदार होतात.

कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्या गटाने कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, असं अपिली न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पण ती योजनाच फसली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी विसर्जित करायचा आदेश निघाला. दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी फंडातले पैसे बँकांच्या वाटणीत जात नाहीत. पण त्यासाठी मुळात फंड असावा लागतो. तो नसेल, तर कामगाराच्या हातात उरतो दावा आणि कोर्टाची वाट.

म्हणून नोकरी करणाऱ्याने ४.८१ टक्क्यांच्या ओळीवर समाधान न मानता एचआरला सरळ विचारावं: आपला ग्रॅच्युइटी फंड आहे का, कुणाकडे आहे आणि त्यात शेवटची भर कधी पडली? नॉमिनेशन भरलेलं आहे का तेही बघावं, कारण कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट लागत नाही आणि रक्कम वारसाला मिळते. नोकरी सुटल्यावर तीस दिवसांत अर्ज द्यावा. तो द्यायला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मालकाने पैसे दिले नाहीत, तर देय तारखेपासूनचं व्याज त्याच्याकडून मागता येतं.