चॅटबॉटला सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं नाही

गोंदियाच्या बाजारात, आमगावच्या बसस्टँडवर, सालेकशाच्या मोबाइल दुकानात एकच वाक्य कानावर पडतं: “चॅटवर सगळं सांगितलंय, आता तेच बघतील.” हे ऐकलं की चीड येते. बोलणाऱ्याची नाही, तर त्याला असं वाटू देणाऱ्या व्यवस्थेची. कारण त्यातले बहुतेक जण पुढे काहीच करत नाहीत. वस्तू परत करायची मुदत संपते, चॅट आपोआप बंद होतं आणि कंपनीच्या नोंदीत “समस्या सुटली” असा शेरा पडतो.

चॅटबॉट म्हणजे बहुतेक वेळा पर्यायांचं झाड असतं. प्रश्न निवडा, उत्तर घ्या, “मदत झाली का?” ला हो किंवा नाही म्हणा. माणसाकडे जाणारी वाट त्यातल्या काही ठरावीक फांद्यांच्या टोकालाच ठेवलेली असते. “माझी ऑर्डर कुठे आहे” ही फांदी धरली, तर दहा वेळा तेच उत्तर येईल, कारण तिथून माणसाकडे जायचा रस्ताच नाही. त्यामुळे रागाने मोठ्या अक्षरांत लिहून किंवा शिव्या देऊन काही होत नाही.

वाट काढायची ती अशी. अ‍ॅपमध्ये लॉगिन करून ती विशिष्ट ऑर्डर उघडा आणि तिथूनच मदत मागा. म्हणजे ऑर्डर क्रमांक आधीच जोडलेला राहतो. यादीत आपला प्रश्न नसेल, तर “इतर” किंवा “माझा प्रश्न यात नाही” निवडा. लिहायची सोय असेल, तर एकच ओळ लिहा: “मला प्रतिनिधीशी बोलायचं आहे, तक्रार नोंदवून क्रमांक द्या.” कंपनीकडूनच फोन मागवण्याची सोय दिसली तर तीच घ्या, कारण नेटवर्क गेलं की चॅट तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. माणूस भेटावा म्हणून खोटं कारण मात्र निवडू नका. “पैसे कापले, ऑर्डर झाली नाही” असं निवडलं आणि खरी अडचण खराब वस्तूची असली, तर नोंद चुकीची होते आणि पुढे तीच तुमच्याविरुद्ध दाखवली जाते.

माणूस भेटला, तरी काम झालं असं समजू नका. तक्रार क्रमांक हाती आला का, एवढंच बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या मंचाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा असतो, त्यावरून तक्रारीची स्थिती बघता यायला हवी. क्रमांक नाही, तर तुमच्याकडे दाखवायला फक्त गप्पा आहेत. चॅट संपण्याआधी तारीख, वेळ आणि ऑर्डर क्रमांक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या.

आता खरी गोष्ट. याच नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याचं नाव, पद आणि संपर्क आपल्या मंचावर दाखवावा लागतो. तक्रार मिळाल्यापासून 48 तासांत त्याने पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. “आधी चॅटबॉटला सगळं सांगून झालं पाहिजे” अशी अट नियमात नाही. कंपनी ती वाट पुढे करते, म्हणून लोकांना तीच एकमेव वाटते.

हा अधिकारी सापडतो कुठे? वेबसाइटच्या अगदी तळाशी, Grievance Officer किंवा Terms of Use असं लिहिलेल्या ओळीत. अ‍ॅपमध्ये Legal किंवा About Us च्या आत.

एक उदाहरण धरू. सालेकशातल्या एका ताईंनी 3,200 रुपयांचा मिक्सर मागवला. खोक्यातून वापरलेला, भांड्याला चीर गेलेला मिक्सर निघाला. चॅटबॉट म्हणतो, “परतीची विनंती मान्य नाही.” ताईंनी त्याच दिवशी खोक्यावरचं लेबल, चीर आणि मशीनवरचा अनुक्रमांक, तिन्हींचे फोटो काढले. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. विषयात “तक्रार” हा शब्द आणि ऑर्डर क्रमांक. मजकूर एवढाच: “5 तारखेला मिळालेला मिक्सर वापरलेला व फुटका आहे. चॅटवरील तक्रार क्रमांक हा. फोटो सोबत आहेत. 3,200 रुपये परत करावेत. ही तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार समजावी.” मागणी एकच आणि रक्कम आकड्यात, म्हणजे गोलमोल उत्तर द्यायला जागा राहत नाही.

ईमेल 6 तारखेला गेला, तर पोच 8 पर्यंत यायला हवी आणि निवारण पुढच्या महिन्याच्या 6 पर्यंत. पोच बऱ्याचदा यंत्रानेच पाठवलेली असते. तीही जपून ठेवा, कारण तक्रार कधी मिळाली याचा पुरावा तीच असते. आणि हेही नीट समजून घ्या की हा अधिकारी कंपनीने नेमलेला असतो, न्यायाधीश नव्हे. तो “नाही” म्हणू शकतो. पण ते “नाही” लेखी असतं आणि पुढे त्याच कागदावर ग्राहक आयोगासमोर उभं राहता येतं.

पुढची पायरी 1915, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो तो जिल्हा ग्राहक आयोग.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: “कंपनी बंगळुरूची, तिथे कोण जाणार?” कुणीच जायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सालेकशाच्या ताईंसाठी गोंदिया.

“वकील लागतोच” हेही खरं नाही, स्वतः बाजू मांडता येते. “खर्च परवडणार नाही” म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क शून्य आहे. “आता उशीर झाला” असं वाटत असेल, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

बँकेचं प्रकरण असेल, तर वाट वेगळी. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. मोबाइल कंपनीच्या बाबतीत आधी डॉकेट क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. अपिलाला शुल्क नाही.

सगळ्यात घातक समज शेवटी: “गुगलवर कस्टमर केअरचा नंबर मिळतो.” मिळतो, आणि कित्येकदा तो भामट्यांनी टाकलेला असतो. रिफंड देतो म्हणून ओटीपी मागणारा, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावणारा किंवा यूपीआय पिन टाका म्हणणारा माणूस कंपनीचा नसतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. नंबर फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधून, बिलावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 वर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ती गोठवता येते.