गिळलेली पल्स

एखादा सिग्नल आणि त्याचाच उलटा केलेला सिग्नल अँड गेटला दिला, तर उत्तर काय येईल? कागदावर कायम शून्य, कारण दोन्ही एकाच वेळी 1 असणं शक्य नाही. प्रत्यक्षात मात्र सिग्नल उलटा करणाऱ्या इन्व्हर्टरलाही थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या फटीत दोन्ही तारांवर 1 असतो. ही फट नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत, मोजायची असते. चिप बनवण्याआधी तिची चाचणी संगणकावर घेणाऱ्या सिम्युलेटरला या फटीचं काय करायचं, हे ठरवावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडे दोन नियम आहेत, आणि ते एकाच सर्किटबद्दल चक्क वेगळी उत्तरं देतात.

इन्व्हर्टरला 2 नॅनोसेकंद आणि अँड गेटला 5 नॅनोसेकंद लागतात असं धरू. मूळ सिग्नल दहाव्या नॅनोसेकंदाला 0 वरून 1 वर गेला. उलटा सिग्नल बाराव्याला खाली येईल. म्हणजे 10 ते 12 या काळात गेटच्या दोन्ही तोंडांवर 1 आहे. सिम्युलेटर हे सगळं एका वेळापत्रकावर चालवतो. दहाव्याला तो गेटचा हिशोब करतो, उत्तर 1 येतं, आणि नोंद होते: पंधराव्याला आउटपुट 1 करायचं. बाराव्याला पुन्हा हिशोब होतो, उत्तर 0 येतं, आणि नवी नोंद होते: सतराव्याला आउटपुट 0 करायचं.

खरा प्रश्न इथे आहे. नवी नोंद करताना पंधराव्याची जुनी नोंद अजून अमलात आलेली नाही. तिचं काय करायचं?

ट्रान्सपोर्ट डिले म्हणतो, राहू दे. मग आउटपुटवर 15 ते 17 अशी 2 नॅनोसेकंदांची पल्स दिसते, आत आली तशीच, फक्त 5 नॅनोसेकंद उशिरा. इनर्शियल डिले म्हणतो, गेटने आपलं मत बदललं, तेव्हा जुनी नोंद खोडून टाका. मग उरते फक्त ‘सतराव्याला 0’, आणि आउटपुट आधीपासून 0 च असल्यामुळे काहीच घडत नाही. गेटच्या 5 नॅनोसेकंदांपेक्षा अरुंद असलेली कुठलीही पल्स अशी गिळली जाते.

हे खोडणं मनमानी नाही. गेटचा उशीर मुख्यतः येतो तो पुढच्या तारेवरच्या आणि पुढच्या गेटमधल्या कपॅसिटन्समध्ये विद्युतभार भरायला लागणाऱ्या वेळामुळे. हापशासारखंच आहे हे: दांडा दोनदा मारून सोडला, तर पाणी नळीत थोडं वर चढतं आणि तोंडाशी न येताच खाली जातं. गेटचा व्होल्टेजही अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. म्हणून व्हीएचडीएल या भाषेत (आयईईई 1076, पहिली आवृत्ती 1987) काहीच न लिहिता उशीर दिला, तर तो इनर्शियल मानला जातो. दुसरा हवा असेल तर तसं सांगावं लागतं:

```vhdl
y1 <= a and b after 5 ns;
y2 <= transport a and b after 5 ns;
y3 <= reject 1 ns inertial a and b after 5 ns;
```

व्हेरिलॉगमध्ये फरक याहून फसवा आहे. `assign #5 y = a & b;` हा इनर्शियल, तर always ब्लॉकमधला `y <= #5 a & b;` हा ट्रान्सपोर्टसारखा वागतो. दोन्हींत आकडा तोच, गेट तेच. फरक कुठे आहे हे नवख्याला दिसतही नाही.

इनर्शियल नियम कुठे तोंडघशी पडतो ते बघायला गेट सोडून केबलकडे यावं लागतं. साध्या कोअॅक्सियल केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद लागतात. म्हणजे 2 मीटर केबलचा उशीर 10 नॅनोसेकंद. तिच्यातून 100 मेगाहर्ट्झचा क्लॉक पाठवू: त्याचं एक आवर्तन 10 नॅनोसेकंदांचं, म्हणजे 1 आणि 0 प्रत्येकी 5 नॅनोसेकंद. कुणी ही केबल `after 10 ns` अशी लिहिली, तर प्रत्येक नोंद अमलात यायच्या आत पुढचा बदल येऊन तिला खोडतो. दुसऱ्या टोकाला क्लॉक उगवतच नाही. आउटपुट सुरुवातीच्या मूल्यावर अडकून राहतं. खरी केबल मात्र तो क्लॉक बिनतक्रार पोचवते, कारण तिच्यात एका वेळी अनेक बदल एकामागून एक प्रवास करू शकतात. इथे `transport` हाच बरोबर शब्द. वेव्हफॉर्ममध्ये एका टोकाला क्लॉक धावतोय आणि दुसऱ्या टोकाला सरळ रेघ आहे असं दिसलं, तर आधी हीच शंका घ्यावी.

उलट चूकही तितकीच खरी. मघाचं अँड गेट एखाद्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकवर जोडलेलं असेल, तर इनर्शियल सिम्युलेशन ठामपणे सांगेल की काही झालं नाही. चिपमध्ये मात्र 2 नॅनोसेकंदांची ती पल्स पूर्ण नाहीशी होतेच असं नाही. ती अर्धवट उंचीची, बुटकी होऊन पुढे सरकते. पुढचा फ्लिप-फ्लॉप तिला कधी मोजतो, कधी नाही; ते तापमानावर, व्होल्टेजवर आणि त्या त्या चिपवर अवलंबून. काउंटर मधूनच एक आकडा जास्त दाखवतो. इनर्शियल नियमाचा मोठा दोष तोच: त्याच्यात एक कडा आहे. 4.9 नॅनोसेकंदांची पल्स शून्य होते आणि 5.1 ची पल्स जराही न झिजता पार होते. खऱ्या गेटमध्ये अशी कडा नसते.

व्हीएचडीएलच्या 1993 च्या आवृत्तीत आलेला `reject` ही कडा सरकवू देतो. वरच्या तिसऱ्या ओळीत उशीर 5 नॅनोसेकंदांचाच आहे, पण गिळली जाते ती 1 नॅनोसेकंदापेक्षा अरुंद पल्स. आपली 2 ची पार होते. व्हेरिलॉगच्या मार्ग-उशिरांची सोय मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे दोन मर्यादा देता येतात. धाकट्या मर्यादेपेक्षा अरुंद पल्स टाकून द्यायची, थोरल्या मर्यादेपेक्षा रुंद पल्स जाऊ द्यायची, आणि मधली असेल तर आउटपुटवर तेवढ्या काळापुरता `x`, म्हणजे ‘अज्ञात’, लिहायचा. तो `x` फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकवर पोचला की बहुधा पुढचं सगळं अज्ञात होतं आणि गडबड लपत नाही.

मग सगळीकडे ट्रान्सपोर्टच का वापरू नये? गुणाकार करणाऱ्या सर्किटमध्ये अशा अरुंद पल्स ठिकठिकाणी जन्मतात. त्या न विझता पुढे जात राहिल्या, तर प्रत्येक थरात वाढत जातात, सिम्युलेशन मंदावतं, आणि सिग्नल किती वेळा बदलला यावरून काढलेला वीजखर्चाचा अंदाज फुगतो. इनर्शियल घेतला तर तोच अंदाज कमी पडू शकतो.

क्लॉक आणि रिसेटच्या वाटा दोन्ही नियमांनी चालवून फरक शोधणं, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. तो करताना एक खाचखळगा आहे. काही सिम्युलेटरांत `+transport_path_delays` हा पर्याय दिला तरी पल्स गाळण्याची मर्यादा उशिराच्या 100 टक्क्यांवरच राहते, म्हणजे नाव ट्रान्सपोर्ट आणि वागणं इनर्शियल. त्याच्या जोडीला `+pulse_r/0` आणि `+pulse_e/0` दिले, तरच मघाची 15 ते 17 ची पल्स पडद्यावर उमटते.