अर्धा सेंटिमीटर आणि एक अर्ज

पोलीस शिपाई भरतीत धावणे आणि गोळाफेक नंतर येते. आधी उमेदवार मोजपट्टीसमोर उभा राहतो. महाराष्ट्रात पुरुषाची उंची किमान 165 सेंटिमीटर, स्त्रीची 155 आणि राज्य राखीव दलासाठी पुरुषाची 168 लागते. छाती फक्त पुरुषांची मोजतात. ती न फुगवता 79 पेक्षा कमी नसावी आणि फुगवल्यावर किमान 5 सेंटिमीटरने वाढावी.

गोंधळ होतो तो या दुसऱ्या अटीत. समजा, तालमीत घुमलेल्या एका गड्याची छाती 92 भरली आणि फुगवून 96 झाली. तो बाद होतो, कारण फरक 4 चाच आहे. शेजारचा किरकोळ पोरगा 79 वरून 84 वर जातो आणि पास होतो. अट छातीच्या घेराइतकीच श्वासाच्या आवाक्याचीही आहे. म्हणून पहिल्या मापाला पोरं नकळत छाती ताणून उभी राहतात, तेव्हा स्वतःचंच नुकसान करून घेतात. टेप पाठीमागे खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाशी आणि पुढे स्तनाग्रांच्या जरा वर, आडवी सरळ हवी. ती मागे घसरली की आकडा बदलतो. हात सैल सोडलेले असावेत.

उंचीचं दुखणं निराळं आहे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबत जातात आणि सकाळचा माणूस संध्याकाळी सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त, बुटका भरतो. पहाटे घरी 165.3 भरलेला मुलगा दुपारी उन्हात ताटकळून 164.6 भरला, तर कुणी लबाडी केलीच असं नाही. टाचा, पोटऱ्या आणि खांदे खांबाला टेकलेले नसले, हनुवटी वर उचललेली असली, तरीही फरक पडतो.

हरकत घ्यायची ती त्याच दिवशी, मैदान सोडण्याआधी. तिथे नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करायचं, मग पुन्हा मोजमाप होतं. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत अपील मैदानावरच्या पीठासीन अधिकाऱ्यामार्फत जातं आणि अपील अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. तिथे पुरुषांना 170 सेंटिमीटर उंची लागते, पण मराठा उमेदवारांना 165 ची सवलत आहे. ठरलेल्या नमुन्यातला दाखला सोबत नसेल तर ती मिळत नाही, आणि अपिलातही दाखल्याची उणीव भरून निघत नाही.

गप्प राहून घरी आलेल्याची अडचण मोठी. महाराष्ट्राच्या भरतीसाठी प्रशासकीय न्यायाधिकरणाचं दार उघडं असतं. काही प्रकरणांत न्यायालयांनी वैद्यकीय मंडळाकडून फेरमोजणी करवलीही आहे. पण पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की त्या दिवशी हरकत का नोंदवली नाही? सरकारी रुग्णालयाचा दुसऱ्या दिवशीचा दाखला जोडला, तरी तो मैदानावरच्या नोंदीला आपोआप खोटं ठरवत नाही. म्हणून अर्ज लेखी द्यावा, त्यात मिळालेला आकडा आणि वेळ लिहावी, पोच घ्यावी. आक्षेप असेल तर सही करताना तोही लिहावा.