उजेड संपतो तिथे रस्ताही संपला असं धरा

गैरसमज : हेडलाइट चांगले आहेत, रस्ता सरळ आहे, मग रात्री ऐंशीने जायला हरकत नाही.

ऊसतोडणीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर हा समज जिवावर बेततो. समोरून गाडी आली की आपण दिवे डिपरवर घेतो. त्या उजेडात रिफ्लेक्टर नसलेली, पंक्चर होऊन उभी राहिलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच ओळखू येते. समजा, ती ४५ मीटरवर दिसली. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॉली ओळखून ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात ३३ मीटर संपतात. उरलेल्या १२ मीटरांत, कोरड्या रस्त्यावर, करकचून ब्रेक दाबला तरी गाडी ताशी ६५ च्या आसपास वेगाने आदळते.

वेग ६० असता तर ती ट्रॉलीला टेकता टेकता थांबली असती. ५० असता तर १० मीटर अलीकडेच. रस्ता ओला असेल तर मात्र ६० ला ४५ मीटर मुळीच पुरत नाहीत. एबीएसवर भिस्त ठेवणारे बरेच असतात. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहतं. पण सुरुवातीचा तो दीड सेकंद त्याने कमी होत नाही.

गैरसमज : वळणावर पाटीवरचा वेग पाळला की पुरे.

वळणापलीकडे दरड पडली आहे की म्हैस उभी आहे, हे पाटीला ठाऊक नसतं. त्यासाठी रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तिथपर्यंतचाच रस्ता आपल्याला दिसतोय. तो बिंदू जवळ येऊ लागला की वळण आवळतंय, वेग कमी करायचा. पुढे पळू लागला की वळण सुटतंय. एकच गाडी जाईल अशा अरुंद रस्त्यावर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यातच थांबता आलं पाहिजे, कारण उरलेलं निम्मं समोरच्याला लागणार. रात्री दिव्यांचा झोत सरळ जातो, वळत नाही. वळणाची आतली बाजू अंधारातच राहते. म्हणून दिवसाचा वेग तिथे रात्री चालत नाही.

गैरसमज : चढापलीकडे उजेड दिसत नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे.

समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा उजेड माथ्यावर आधी दिसतो, हे खरं. पण बंद पडलेला ट्रक, बिनदिव्याची बैलगाडी किंवा पायी चालणारा माणूस यांचा उजेड पडत नाही. त्यात माथ्याजवळ आपलेच दिवे वर आभाळात जातात आणि पलीकडचा उतार काही क्षण काळाकुट्ट राहतो. पाय ॲक्सिलरेटरवरून माथ्याआधीच काढायचा आणि गाडीचं नाक खाली झुकून पुढचा रस्ता पुन्हा उजळेपर्यंत तो तिथे ठेवायचा नाही.