निकाल काय लागला, ते आधी बघा

‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्याची केस ब्रीफ करायला सांगितली, की कायद्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत एकच वाक्य ठळकपणे उतरतं: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वाक्य खरं आहे. पण तेवढ्यावर थांबलेली ब्रीफ वाचली तर फुटपाथवर राहणारे लोक हा खटला जिंकले असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्या झोपड्या हटवायला न्यायालयाने परवानगी दिली होती.

म्हणून लांबलचक निकालपत्र हाती आलं, की मी विद्यार्थ्यांना शेवटची पानं आधी वाचायला सांगते. कोर्टाने कुणाला काय दिलं आणि काय नाकारलं हे एकदा कळलं, की मागची कोणती पानं कामाची आहेत ते ओळखता येतं.

आता वस्तुस्थिती. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. महापालिकेचा आधार होता 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम 314. त्यानुसार आयुक्तांना रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देताही काढता येत होतं. काही रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही संघटना न्यायालयात गेल्या. निकालपत्रात सेलमहून आलेल्या एका मजुराची कहाणी आहे. त्याची मजुरी किती आणि झोपडीसाठी त्याने किती पैसे मोजले, हे वाचून मन हलतं. तरी ब्रीफमध्ये हे आकडे नकोत. एखादी गोष्ट खोडून पाहावी. निकाल तसाच राहत असेल तर ती गाळावी. मात्र ही माणसं कामाच्या जागेजवळ राहतात आणि तिथून हटवली तर कामही जातं, हे खोडलं तर उपजीविकेचा युक्तिवादच उभा राहत नाही. ते ठेवायलाच हवं. आणखी एक बाब हमखास सुटते: फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं रहिवाशांच्या वतीने उच्च न्यायालयात मान्य केलं गेलं होतं. आता माघार घेता येणार नाही, असं महापालिकेचं म्हणणं होतं.

मुद्दा लिहिताना ‘झोपड्या पाडणं योग्य आहे का?’ असं लिहून भागत नाही. त्यात ना कायदा आहे, ना या खटल्यातली परिस्थिती. ‘नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं कलम 314, ज्यांची उपजीविका त्या जागेवर अवलंबून आहे अशा लोकांना लागू करताना, घटनेच्या अनुच्छेद 21 चा भंग करतं का?’ हा प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे. मूलभूत हक्क आधी कबुली देऊन गमावता येतो का, हा दुसरा प्रश्न.

सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 10 जुलै 1985 रोजी उत्तर दिलं. मूलभूत हक्क असा सोडून देता येत नाही. उपजीविका अनुच्छेद 21 मध्ये येते. तरीही कलम 314 घटनाबाह्य नाही.

ही तिन्ही विधानं एकत्र कशी बसतात, हे सांगणं म्हणजे कारणमीमांसा, आणि ब्रीफचा खरा कस इथेच लागतो. जगण्याचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतल्यासारखं होतं, ही पहिली पायरी. पण अनुच्छेद 21 हा हक्क काढून घ्यायला सरसकट मनाई करत नाही. त्यासाठी कायद्याने ठरवलेली, न्याय्य आणि वाजवी पद्धत मागतो, ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर न्यायालय कलमाकडे वळतं. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, म्हणून अतिक्रमण हटवण्याचा अधिकार गैर नाही. शिवाय हे कलम आयुक्तांना नोटीस टाळण्याची मुभा देतं, टाळाच असं सांगत नाही. त्यामुळे नोटीस हा नियम आणि ती न देणं हा अपवाद, असा अर्थ लावून न्यायालयाने कलम वाचवलं. मधली पायरी गाळली, की ब्रीफ स्वतःशीच भांडू लागते.

मग या लोकांना आयुक्तांनी म्हणणं मांडू दिलं नव्हतं, त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयात सगळ्या बाजू सविस्तर ऐकल्या गेल्या, त्यामुळे प्रकरण पुन्हा आयुक्तांकडे पाठवायची गरज नाही, असं पीठाने ठरवलं. वाचकाला हे उत्तर पटो वा न पटो, ब्रीफमध्ये ते न्यायालयाच्याच क्रमाने यायला हवं. आपलं मत त्याखाली वेगळं लिहावं.

शेवटी आदेशाची दोन-तीन वाक्यं लागतात: 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत फुटपाथवरच्या झोपड्या हटवायच्या नाहीत. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायची. पण ती देणं ही हटवण्याची पूर्वअट नाही.