डब्यावरचे १०० म्हणजे पाणी नव्हे

टोकियोत लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आजीला बाळाच्या दुधाच्या डब्यावरचे आकडे तेवढे वाचता येतात, बाकी सगळे जपानीत. मग डब्याचा फोटो पुण्यातल्या कुणा जपानी येणाऱ्या भाचीकडे जातो, 'यावर काय लिहिलंय, सांग गं'. हा मजकूर मराठीत आणणे तसे सोपे आहे. चुकण्याच्या जागा मोजक्याच आहेत, पण तिथे चुकले की बाळाच्या पोटाशी गाठ असते.

पहिली जागा म्हणजे पाण्याचे माप. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण असते, आणि पाणी आधी मोजायचे असते. जपानी डब्यातला चमचा लहान असतो, साधारण २.७ ग्रॅमचा, आणि त्याचे प्रमाण २० मिलीला एक. तक्त्यात ५ चमच्यांसमोर १०० मिली लिहिलेले दिसते. ते १०० मिली पाणी नसून तयार झालेले दूध असते. म्हणून कृतीही उलटी आहे: बाटलीत आधी ५ चमचे पावडर, मग हव्या असलेल्या दुधाच्या दोन तृतीयांशापर्यंत गरम पाणी. बाटली गोल फिरवून पावडर विरघळली की १०० च्या रेघेपर्यंत पाणी घालायचे.

फोटो वाचणाऱ्याने 'पाणी १०० मिली, चमचे ५' असे कळवले तर दूध दहाएक टक्के पातळ होते. आजीने गावाकडच्या सवयीने ९० मिली पाण्यात जपानी डब्यातले ३ चमचे घातले, तर मात्र पावडर हवी त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कमी पडते. बाळ पोटभर पिते, पण वजन वाढत नाही. असेच चालू राहिले तर रक्तातले सोडियम उतरून झटके येण्याचा धोका असतो. उलट चूक, म्हणजे भारतातल्या डब्याचा मोठा चमचा जपानी पावडरीत वापरणे, दूध घट्ट करते. त्याचा ताण बाळाच्या मूत्रपिंडावर येतो. चमचा ज्या डब्याचा, त्याच डब्यात. तोही शिगोशीग भरायचा नाही, आणि दाबूनही नाही. वरची शीग काढून सपाट करायचा.

डबा गोल असल्याने फोटोत तक्त्याची कड हमखास वळते आणि एक रकाना दिसेनासा होतो. त्यामुळे तक्त्याचे दोन-तीन फोटो मागवावेत आणि प्रत्येक ओळीतल्या मिलीला चमच्यांनी भागून पाहावे. सगळीकडे २० च आले तर ओळी बरोबर जुळल्या आहेत. एका ओळीत २० आणि दुसऱ्या ओळीत २५ आले, तर कुठेतरी ओळ घसरली आहे.

दुसरी जागा तापमानाची. डब्यावर तापमानाचा उल्लेख दोनदा येतो आणि घाईत दोन्ही एकच वाटतात. दूध कालवायचे पाणी उकळलेले आणि ७० अंश किंवा त्याहून गरम हवे. पाजायचे दूध मात्र अंगाइतके कोमट. आपल्याला 'उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा' हे इतके पाठ असते की हाताला तेच वळण पडलेले असते. पण दुधाची पावडर निर्जंतुक नसते. क्वचित तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू सापडतो, आणि नवजात बाळाला त्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. ७० अंशांचे पाणी त्याला मारते, कोमट पाणी त्याला पोसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ पासून हेच तापमान सांगितले आहे. जपानमधल्या विजेच्या थर्मासवर ७० अंशांचे बटण असते ते यासाठीच. तसे भांडे नसेल, तर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरावे. कालवून झाले की झाकण लावलेली बाटली नळाच्या धारेखाली धरून गार करावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघावे.

हात धुणे, बाटली आणि बूच उकळून घेणे हे आजीला सांगावे लागत नाही. मात्र ओला चमचा डब्यात जाता कामा नये, हे आवर्जून कळवावे. बाळाने उष्टे टाकलेले दूध ओतून द्यायचे. पुढच्या वेळेसाठी ठेवायचे नाही.

उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण दमट होऊन पावडरीच्या गुठळ्या होतात. घट्ट झाकण लावून कोरड्या, थंड जागी ठेवावा आणि महिन्याभरात संपवावा. तळावरची तारीख वाचताना मात्र जपून. जपानी पद्धतीत वर्ष आधी, मग महिना, शेवटी दिवस. त्यामुळे २७.०८.१२ म्हणजे १२ ऑगस्ट २०२७. आपल्या सवयीने वाचले तर तो डबा २०१२ सालीच संपलेला निघेल.

परतताना अर्धा डबा भारतात आणणार असाल, तर त्याचा चमचा त्याच डब्यात ठेवून आणा आणि तक्त्याचे मराठी भाषांतर कागदावर लिहून डब्याला चिकटवा. 'पाणी' आणि 'तयार दूध' हे शब्द त्यात वेगवेगळे लिहा.