सहा मिनिटांची घरघंटी उभी करताना

कारखानदार आपल्या मालाचा व्हिडिओ करून घेतो तो टीव्हीसारखा आडवा, आणि बहुतेकदा पाच-सहा मिनिटांचा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर तो दिवसभर फिरत राहतो, वेबसाइटवर चढतो, यूट्यूबवर पडून असतो. मग एक दिवस घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी तरुण माणूस म्हणतं, ‘यातूनच चार रील काढा की!’ एडिटरकडे फाइल येते, सोबत निरोप येतो: एक १५ सेकंदांचा, एक अर्ध्या मिनिटाचा, एक मिनिटाचा, संध्याकाळपर्यंत.

उदाहरणासाठी घरघंटी घेऊ. एक अश्वशक्तीची, वरून धान्य ओतायचं आणि खाली डब्यात पीठ. तिच्या सहा मिनिटांच्या व्हिडिओत पहिली २५ सेकंदं कारखान्यावरून फिरणारा ड्रोन आणि कंपनीचं बोधचिन्ह असतं. मग मालकांचं मनोगत. दीड मिनिट उलटल्यावर कुठे ज्वारी आत जाते आणि पीठ खाली येतं. पुढे जाळी बदलायची कशी, आतून साफ करायची कशी, वीज किती लागते, आणि शेवटी वॉरंटी व फोन नंबर. स्टॉलवर उभ्या राहिलेल्या माणसाला हा क्रम चालतो, कारण तो आधीच थांबलेला असतो. फोनवर अंगठा फिरवणारा थांबलेला नसतो.

नवखा एडिटर हाच क्रम दाबून बसवतो: प्रत्येक भागातली आठ-आठ सेकंदं घेतली की झाला मिनिटाचा व्हिडिओ, त्यातली दोन-दोन सेकंदं घेतली की झाला १५चा. असा १५ सेकंदांचा तुकडा पाहून कळत काहीच नाही, फक्त बरंच काही झटपट येऊन गेलं एवढं जाणवतं. माझं स्पष्ट मत आहे की मिनिटाच्या तुकड्यातून १५चा काढूच नये. दोघांचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून दोन्ही मूळ व्हिडिओतून स्वतंत्रपणे काढावेत.

पंधरा सेकंदांत एकच प्रश्न मावतो: पीठ कसं पडतं? पहिल्याच चित्रात पीठ पडताना दिसलं पाहिजे, म्हणजे मूळ व्हिडिओतलं दुसऱ्या मिनिटातलं दृश्य इथे सगळ्यात आधी. मग वरून ओतली जाणारी ज्वारी, मग चिमटीत पीठ चोळून पाहणारी बोटं, आणि पुन्हा पडणारं पीठ. हे तुकडे संपले की आपोआप पहिल्यापासून चालू होतात, म्हणून शेवटच्या पिठावरून पहिल्या पिठावर जाताना सांधा दिसत नाही. शेवटी बोधचिन्हाची पाटी लावली की तो सांधा तुटतो आणि माणूस पुढे सरकतो. निवेदनही नको. मराठीत सावकाश, समजेल असं बोलायचं तर सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात. म्हणजे १५ सेकंदांत जेमतेम ३५ शब्द, आणि त्यांत ‘नमस्कार मंडळी’ आलं की संपलंच. त्याऐवजी घरघंटीचा खरा आवाज ठेवावा. विकत घेणारी बाई तसंही विचारतेच, ‘आवाज फार करते का हो?’

अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला जाळी द्यावी. गव्हाच्या पिठाला बारीक, लापशीला जाड, आणि ती बदलायला हत्यार लागत नाही, एवढंच. मिनिटाच्या तुकड्यात घेणाऱ्याच्या शंका येतात: सांडतं का, साफ करायला किती वेळ, बिल किती येईल. इथे निवेदन हवं, आणि ते मूळ व्हिडिओतून कापून न आणता नव्याने बोलून घेतलेलं बरं. कापलेल्या वाक्यांत ‘मघाशी पाहिल्याप्रमाणे’ असलं काहीतरी हमखास राहून जातं.

क्रम ठरला की चौकटीचा प्रश्न येतो, आणि खरी मेहनत तिथे आहे. आडवा व्हिडिओ १६:९ असतो, उभा ९:१६. आडव्या चित्राची पूर्ण उंची घेऊन त्यात उभी खिडकी बसवली तर रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी भाग दिसतो, बाकीचा बाहेर. मूळ शूटिंग फोर-के असेल, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, तर ही खिडकी १२१५ पिक्सेल रुंद निघते. उभ्या व्हिडिओला १०८० बाय १९२० लागतात, तेव्हा चित्र थोडं लहान करूनच बसतं आणि खणखणीत राहतं. शूटिंग १९२० बाय १०८०चं असेल तर खिडकी जेमतेम ६०७ पिक्सेलची. ती पावणेदोन पटींहून जास्त ताणावी लागते. चेहऱ्यावर हे ताणणं खपून जातं, जाळीवर खपत नाही. जाळीच्या भोकांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागल्या, पिठाचे कण एकमेकांत मिसळले की समजावं. हे संगणकाच्या मॉनिटरवर तपासू नये. फाइल फोनवर घ्यावी, उजेड पूर्ण वाढवावा आणि हातभर अंतरावरून पाहावी.

ताणायचं टाळण्यासाठी अनेकजण आख्खं आडवं चित्र मध्ये ठेवतात आणि वर-खाली त्याचीच धूसर छाया भरतात. तेव्हा खरं चित्र पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं आणि जाळी नखाएवढी होते. मुलाखतीला ठीक, मालाला नाही.

जाळीच्या प्रसंगातलं एक दृश्य जवळून पाहू. डावीकडे ताई उभ्या आहेत, उजवीकडे घरघंटी, दोहोंच्या मध्ये हातात जाळी. आडव्या चित्रात हे छान दिसतं. उभ्या खिडकीत ताईंचा चेहरा आणि घरघंटीचं दार एकाच वेळी मावत नाही. खिडकी हाताबरोबर डावीकडून उजवीकडे सरकवता येते, एडिटर त्यासाठी कीफ्रेम लावतो. पण कॅमेरा स्थिर आणि खिडकी तेवढी सरकते, तेव्हा पुढचं-मागचं सगळं एकाच गतीने घसरतं आणि डोळ्याला ते खोटं लागतं. मी तरी अशा ठिकाणी सरळ कापतो. ताई जाळी दाखवतात तोवर खिडकी त्यांच्यावर, आणि हात दाराकडे झेपावल्या क्षणी खिडकी दारावर. हालचालीच्या मध्येच कापल्यामुळे उडी लक्षात येत नाही. दोन्ही एकत्रच दाखवायचं असेल तर पडद्याचे दोन मजले करावेत: वर दार, खाली ताई. फोर-के चित्रातून १०८० बाय ९६०चे दोन तुकडे मूळ आकारातच निघतात, काहीच ताणावं लागत नाही.

सगळ्यांत जास्त चुकतं ते खालच्या जागेचं. उभा व्हिडिओ फोनभर दिसतो खरा, पण त्याच्यावर अॅपचा पसारा असतो: खाली नाव आणि मजकूर, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं, वर आणखी काही. रील्सवरच्या जाहिरातींसाठी मेटाचीच सूचना आहे की महत्त्वाचं काही वरच्या १४ टक्क्यांत, खालच्या ३५ टक्क्यांत आणि दोन्ही बाजूंच्या ६-६ टक्क्यांत ठेवू नये. १९२० पिक्सेलच्या उंचीतून वरचे २७० आणि खालचे ६७० गेले. आणि घरघंटीचा पिठाचा डबा असतो कुठे? अगदी तळाशी. म्हणजे ज्यासाठी व्हिडिओ केला ते पीठ नेमकं मजकुराखाली पडतं.

डबा वर घ्यायचा तर खिडकी खाली सरकवायला हवी. पण मूळ चित्रच डब्यापाशी संपत असेल तर खाली सरकायला जागा नाही. मग चित्र वर ढकलून खाली फरशीच्या रंगाची पट्टी भरावी लागते. ते जुळवून घेता येतं, सुंदर कधीच होत नाही. पुढच्या वेळी कॅमेरावाल्याला सांगावं की घरघंटीखाली दोन वीत फरशी येऊ दे. आडव्या व्हिडिओत ती फरशी कुणाला खटकत नाही. हा कडक समास पाळून एकदा उभं चित्र बांधलं की तेच शॉर्ट्सला चालतं, रील्सला चालतं, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसलाही चालतं. प्रत्येक ठिकाणासाठी चौकट नव्याने बांधायची गरज नाही.

अक्षरांचं मात्र वेगळं आहे. मूळ व्हिडिओवर पाट्या आधीच छापलेल्या असतील तर उभ्या खिडकीत त्या मध्येच तुटतात आणि ‘वॉरंटी’तला ‘वॉ’ तेवढा उरतो. म्हणून फाइल मागताना बिनपाट्यांची आणि बिनसंगीताची मागावी. संगीत मुरलेलं असेल तर प्रत्येक कापाला ताल अडखळतो. मराठी पाट्या टाकताना आणखी एक खड्डा: काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागते. ती नसेल तर ‘गिरणी’ची पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. एका ओळीत तीन-चार शब्दांवर जाऊ नये, आणि अक्षर चुलीजवळ ठेवलेल्या फोनवरही वाचता यावं.

चित्र एकच असलं तरी काही गोष्टी ठिकाणागणिक बदलाव्याच लागतात. लांबीची बंधनं सैल झाली आहेत. यूट्यूब शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, रील्सची मर्यादाही २०२५च्या सुरुवातीला तीन मिनिटांवर गेली. पण मिनिटाच्या वर गेलेल्या शॉर्टमध्ये दुसऱ्याच्या हक्काचं गाणं सापडून दावा लागला तर यूट्यूब तो व्हिडिओच अडवतं. इन्स्टाग्रामवर व्यवसायाच्या खात्याला चित्रपटगीतांचा बराचसा साठा मिळत नाही. घरघंटीच्या आवाजावर कुणाचा दावा लागत नाही, हेही तिच्या बाजूने. ‘खालच्या लिंकवर क्लिक करा’ हे वाक्य तर काढूनच टाकावं. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक ऑगस्ट २०२३च्या अखेरीपासून दाबल्या जात नाहीत, इन्स्टाग्रामच्या मजकुरातल्या कधीच जात नव्हत्या. आणि एका अॅपवरून उतरवलेला, त्याचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसऱ्यावर चढवू नये. असे व्हिडिओ आपण कमी पुढे ढकलू, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलं होतं. प्रत्येक ठिकाणी एडिटरकडची मूळ फाइलच जावी.

चढवल्यावर आकडे पाहताना जपून. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, पुन्हा चालला की पुन्हा. मोठा आकडा पाहून मालक खूश होतात, पण यूट्यूब स्टुडिओत खरं पाहायचं ते किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवला, आणि कोणत्या सेकंदाला रेघ खाली येते. पहिल्या दोन सेकंदांतच रेघ कोसळली तर सुरुवातीचं चित्र बदलावं, बाकीच्याला हात लावू नये. मध्येच एका जागी पायरी दिसली तर तिथे काय आहे ते पाहावं. बहुतेकदा मालकांचा चेहरा असतो, आणि ते त्यांना सांगणं हे एडिटिंगपेक्षा अवघड काम.

तालुक्याच्या विक्रेत्यांसाठी एक वेगळी प्रत काढून ठेवावी. ते रील वगैरेच्या भानगडीत फार पडत नाहीत, स्टेटसला लावतात. त्यांच्या तुकड्यात शेवटची तीन सेकंदं साधी, एकरंगी ठेवायची आणि प्रत्येकाच्या दुकानाचं नाव व नंबर तिथे टाकून द्यायचा. या प्रतीत सांधा तुटला तरी चालेल, कारण पाहणारा ओळखीचा असतो. फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, आणि विक्रेत्याने पुन्हा स्टेटसला लावली की आणखी एकदा. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, आणि सोबत एका ओळीत लिहावं, ‘आधी फोनमध्ये सेव्ह करा, मग लावा.’